अर्धवेळ एम.एस्सी.साठी अभ्यासरजा व शुल्कसाहाय्य मिळण्याबाबत, सेवा बाँडच्या संमतीसह विनंती अर्ज

दिनांक : 6 एप्रिल 2026
मिरजोळे एमआयडीसी, रत्नागिरी

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक साहेब

मार्फत : मा. गुणवत्ता व्यवस्थापक

अर्जदार : सौ. मानसी पावसकर, वरिष्ठ गुणवत्ता सहायक, प्रयोगशाळा विभाग

महोदय,

आपल्या प्रयोगशाळेत मी 2019 पासून काम करते आहे. अन्न सुरक्षा व गुणवत्ता व्यवस्थापन या विषयाच्या दोन वर्षांच्या अर्धवेळ एम.एस्सी. अभ्यासक्रमाला मला प्रवेश मिळाला आहे. जुलै 2026 मध्ये वर्ग सुरू होतील आणि जून 2028 मध्ये शेवटची परीक्षा होईल. नोकरी न सोडता हे शिक्षण पूर्ण करण्यासाठी मला कंपनीकडून अभ्यासरजा आणि शुल्काचा काही भाग मिळावा, ही विनंती आहे. मनुष्यबळ विभागाने दिलेला सेवा बाँडचा मसुदा मी घरच्यांसोबत बसून वाचला आहे आणि त्यातल्या अटी मला मान्य आहेत.

हा अर्ज करावा असे का वाटले, ते आधी सांगते.

गेल्या ऑक्टोबरातला बांगड्याचा लॉट साहेबांच्या लक्षात असेल. बाहेरच्या प्रयोगशाळेचा हिस्टामाइनचा अहवाल येईपर्यंत तो माल शीतगृहात अडकून पडला होता. युरोपला जाणाऱ्या बांगड्यासाठी एका लॉटमधून नऊ नमुने तपासावे लागतात. त्यांची सरासरी किलोमागे 100 मिलिग्रॅमच्या आत हवी. 100 ते 200 च्या दरम्यान जास्तीत जास्त दोनच नमुने चालतात आणि 200 च्या वर एकही चालत नाही. आपल्या अहवालात सात नमुने अगदी स्वच्छ होते आणि दोन मर्यादेच्या काठावर होते. लॉट पास झाला, माल गेला, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण एकाच दिवशी, एकाच जेटीवर उतरलेल्या मासळीत हे दोन नमुने वेगळे का आले, याचे उत्तर आपल्यापैकी कोणालाच देता आले नाही. मलाही नाही.

हा प्रश्न मी सोडलेला नाही. बांगडा, कुपा अशा मासळीच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असते. मासळी उबदार राहिली की जिवाणू त्याचे हिस्टामाइन करतात. एकदा ते तयार झाले की गोठवून जात नाही आणि शिजवूनही जात नाही. म्हणजे आपला ब्लास्ट फ्रीझर कितीही उत्तम चालला तरी होडीवर जे घडून गेले ते तो पुसू शकत नाही. खरी लढाई मिरकरवाडा जेटीच्याही आधी, तांडेलाने जाळे ओढल्यापासून पहिल्या काही तासांत, खणात बर्फ किती पडला आणि कसा पसरला यावर ठरते. नमुना मात्र आपण घेतो तो कारखान्याच्या दारात. कोणत्या होडीचा माल, कोणत्या थरातला, बर्फाजवळचा की मधला, ही नोंद आपल्याकडे तुटक आहे. नऊ नमुने कुठून घ्यायचे हे आज आपण सवयीने ठरवतो. ते शास्त्राने कसे ठरवायचे, हे मला शिकायचे आहे.

म्हाकुळाच्या कॅडमियमचेही तसेच आहे. कॅडमियम साठते ते मुख्यतः आतल्या यकृतासारख्या ग्रंथीत. पोट साफ करायला उशीर झाला किंवा साफ करताना ती ग्रंथी फुटली, तर ते खाण्याच्या भागात उतरते. हे आपल्या ग्रेडिंगच्या बायकांना समजावून सांगितले तर त्यांचा हातच आपली पहिली तपासणी ठरेल. त्यासाठी आधी सांगणाऱ्याला ते नीट कळलेले असले पाहिजे.

अभ्यासक्रमात अन्नातील सूक्ष्मजीवशास्त्र, रासायनिक अवशेष व जड धातूंचे विश्लेषण, नमुना-योजना व संख्याशास्त्र, हॅसॅप आणि प्रयोगशाळा मान्यतेचे आयएसओ 17025 मानक हे विषय आहेत. शेवटच्या सत्रात प्रबंध आहे. त्यासाठी मी आपल्याच कारखान्याचा विषय घेऊ इच्छिते : होडीच्या खणापासून ब्लास्ट फ्रीझरपर्यंत बांगड्याचे तापमान आणि त्याचा हिस्टामाइनशी संबंध. ग्राहकांची नावे, दर, मालाचा ठावठिकाणा यांतले काहीही प्रबंधात येणार नाही. विद्यापीठाकडे देण्यापूर्वी मसुदा आपल्याला दाखवीन आणि आपण संमती दिल्यावरच तो सादर करीन.

नवे महागडे यंत्र घ्या असे मी म्हणत नाही. निर्यातीचा अधिकृत अहवाल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडूनच येणार. पण किटवर होणारी प्राथमिक चाचणी इथेच विश्वासाने करता आली, तर संशयित माल दारातच वेगळा काढता येईल आणि चांगला माल त्याच्याबरोबर अडकणार नाही.

आता रजेबद्दल. शनिवारी संध्याकाळी 4 ते 7 आणि रविवारी सकाळी 9 ते 1 ऑनलाइन वर्ग असतात. त्यासाठी मला शनिवारी पहिली पाळी मिळावी. हंगामात रविवारी मासळी आली आणि बोलावणे आले, तर दुपारी 2 पर्यंत मी कामावर हजर होईन. प्रात्यक्षिके नवी मुंबईला प्रत्यक्ष जाऊन करावी लागतात. ती जून 2027 आणि जून 2028 मध्ये प्रत्येकी 12 दिवस आहेत. परीक्षा दर डिसेंबरात आणि जूनमध्ये, प्रत्येक वेळी 5 दिवस. म्हणजे दोन वर्षांत मिळून 44 दिवस मी कामावर नसेन.

यांतले 34 दिवस जूनमध्ये येतात, आणि हा अभ्यासक्रम निवडताना मी सर्वांत आधी हेच पाहिले. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्या काळात आपल्याकडे ताजा माल नसतो, यंत्रांची देखभाल आणि शीतगृहातल्या साठ्याचेच काम असते. म्हणून हे 34 दिवस पगारी अभ्यासरजा म्हणून मंजूर व्हावेत. डिसेंबरच्या दोन परीक्षांचे 10 दिवस ऐन हंगामात येतात. ते मी माझ्या हक्काच्या रजेतून घेईन, कंपनीवर त्याचा भार टाकणार नाही. ऑगस्टात बंदी उठल्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत शिक्षणाच्या नावाखाली एकही दिवस मागणार नाही. या दोन वर्षांत गणपतीची रजाही दीड दिवसापुरतीच घेईन. हे आमच्या घरी ठरले आहे.

माझ्या गैरहजेरीत प्लेट काउंट आणि रोजच्या बर्फ-पाण्याच्या चाचण्या माझ्या कनिष्ठ सहकारी पाहतील. त्यांना मी मे महिन्यापासून सोबत घेऊन तयार करीन. तशी त्यांचीही इच्छा आहे. गुणवत्ता व्यवस्थापकांशी याबाबत बोलणे झाले असून त्यांची शिफारस सोबत आहे.

चार सत्रांचे एकूण शुल्क 1,84,000 रुपये आहे, म्हणजे सत्राला 46,000. पहिल्या सत्राचे शुल्क मी स्वतः भरणार आहे. त्यात उत्तीर्ण झाल्याची गुणपत्रिका दाखवल्यावर पुढच्या तीन सत्रांचे 1,38,000 रुपये कंपनीने थेट विद्यापीठाकडे भरावेत, अशी विनंती आहे. प्रवास, राहणे आणि पुस्तकांचा खर्च माझा. नवी मुंबईत मावशीकडे सोय आहे, त्यामुळे त्याची चिंता नाही. एखाद्या विषयात नापास झाले तर फेरपरीक्षेचे शुल्क मी भरीन आणि त्यासाठी लागणारी रजा बिनपगारी असेल.

बाँडच्या ज्या अटी मी मान्य करते आहे, त्या माझ्या शब्दांत लिहिते, म्हणजे पुढे कोणाचाच गैरसमज राहणार नाही. अंतिम निकाल लागल्याच्या तारखेपासून तीन वर्षे मी याच कंपनीत काम करीन. त्याआधी स्वतःहून नोकरी सोडली, तर कंपनीने भरलेली रक्कम परत करीन. पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे त्यातले 46,000 रुपये कमी होतील. एक वर्ष काम करून गेले तर 92,000 देणे लागेन, दोन वर्षांनी गेले तर 46,000. अभ्यासक्रम मधेच सोडला तर तोवर भरलेली सगळी रक्कम बारा हप्त्यांत पगारातून वळती करावी. बाँड 500 रुपयांच्या मुद्रांकावर होईल आणि त्याचा खर्च मी करीन. जामीन म्हणून माझे थोरले बंधू सही करतील. ते रत्नागिरीत माध्यमिक शिक्षक आहेत आणि त्यांचे संमतीपत्र जोडले आहे.

मसुद्यात दोन गोष्टी स्पष्ट व्हाव्यात असे मनापासून वाटते. पहिली, कंपनीनेच मला कमी केले किंवा डॉक्टरांच्या दाखल्यानुसार गंभीर आजारामुळे काम करणे अशक्य झाले, तर वसुली होऊ नये. दुसरी, मूळ प्रमाणपत्रे कंपनीकडे ठेवण्याचे कलम बदलून साक्षांकित प्रती ठेवाव्यात. विद्यापीठ प्रवेशाच्या वेळी आणि पदवी देतानाही मूळ कागद पाहायला मागते, म्हणून ही अडचण आहे. बाकी एकही शब्द बदलावा असे मला वाटत नाही. कंपनी माझ्यावर पैसे लावणार, तर तिला भरवसा मिळालाच पाहिजे. शिकून झाल्यावर माणसे मुंबईला किंवा आखातात निघून जातात, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. साहेबांच्या मनात ती शंका आली तर ती रास्तच आहे.

त्याबद्दल एवढेच सांगते. माझे सासर पावसला आहे, सासऱ्यांची होडी अजून समुद्रावर जाते आणि मुलगी यंदा पहिलीत जाईल. शनिवार-रविवार तिला सांभाळण्याची जबाबदारी सासूबाईंनी आपणहून घेतली आहे. मी रत्नागिरी सोडून जाण्यासाठी शिकत नाही. आमच्या घरची मासळी ज्या दारातून आत जाते, त्या दारावर योग्य तपासणी करता यावी म्हणून शिकते आहे.

प्रवेश निश्चित करण्याची अंतिम तारीख 15 जून आहे. आपला निर्णय 20 मेपर्यंत कळला तर बाँडची नोंद आणि पहिल्या शुल्काची सोय वेळेत करता येईल. आपण बोलवाल तेव्हा समक्ष येऊन कोणत्याही प्रश्नाचे उत्तर देण्यास मी तयार आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
सौ. मानसी पावसकर

सोबत : विद्यापीठाचे प्रवेशपत्र, शुल्कपत्रक व वेळापत्रक, गुणवत्ता व्यवस्थापकांची शिफारस, जामीनदाराचे संमतीपत्र, बाँडच्या मसुद्याची प्रत, वरील दोन कलमांवर खूण करून