शिमग्याचं चित्रीकरण करणाऱ्या मुलांचे आभार

नमस्कार मंडळी.

गावकरी, मानकरी, गुरवकाका, मे महिन्याच्या सुट्टीला आलेले चाकरमानी, माहेरवाशिणी आणि समोर मांडी घालून बसलेली बच्चेकंपनी, सगळ्यांना उत्सव समितीतर्फे नमस्कार. आत्ता चौतीस मिनिटं आपण सगळे या सहाणेवर बसून आपलाच शिमगा बघत होतो. पडदा विझला तरी कोणी उठलं नाही, हे मी मागे उभा राहून पाहिलं. म्हणून वेळ न घालवता बोलतो.

दरवर्षी शिमगा झाला की आपण आभार मानतो ते पालखी नाचवणाऱ्यांचे, ढोल-ताशा-सनईवाल्यांचे, होळीचा माड आणणाऱ्यांचे, महाप्रसादाच्या चुलीपाशी उभं राहणाऱ्यांचे. ते यंदाही मानून झाले. आजचे आभार मात्र पाच मुलांचे आहेत. सिद्धेश, प्रणाली, ओंकार, तन्वी आणि सगळ्यांत धाकटा वेदांत. यांतलं कोणीही या कामाचा एक पैसा घेतलेला नाही. बॅटरीचे, कार्डांचे पैसे समितीने देऊ केले, तेही त्यांनी देवाच्या पेटीत टाकले.

फाकपंचमीला सिद्धेशने माझ्याकडे विषय काढला, तेव्हा मला वाटलं होतं की फोन धरायचा आणि घ्यायचं. काम काय असतं ते मला नंतर कळलं. पुळणीवर पालखी आली तेव्हा दुपारचे चार वाजले होते, खारा वारा नुसता भणाणत होता. माईकमध्ये वाऱ्याशिवाय काही येईना. वेदांतने घरी पळत जाऊन आजोबांची लोकरीची कानटोपी आणली, ती माईकवर चढवली, आणि ओंकारने रेकॉर्डर ढोलापासून वीस पावलं लांब, सनईच्या बाजूला नेऊन आवाजाची पातळी पार खाली केली. ढोल जवळून घेतला की आवाज फाटतो आणि एकदा फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही, हे मला ओंकारने सांगितलं. आत्ता तुम्ही जी सनई इतकी स्वच्छ ऐकलीत ती त्या कानटोपीतून आलेली आहे.

होमाच्या रात्री सगळं आटोपून आपण घरी गेलो. प्रणाली दोन वाजेपर्यंत जागी होती. त्या दिवसाचं सगळं चित्रीकरण तिने एका हार्ड डिस्कवर घेतलं, मग दुसरीवर, आणि ती दुसरी डिस्क मुद्दाम शेजारच्या घरी नेऊन ठेवली. चार दिवसांनी कॅमेऱ्यातलं एक कार्ड उघडेनासं झालं. त्यात होमाला अग्नी दिला तो क्षण होता. तो आज आपण पाहिला, कारण ही मुलगी त्या रात्री झोपली नाही.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. पालखीला रूपं लावताना गुरवकाकांनी नुसता हात वर केला आणि पाचही जणांनी कॅमेरे खाली ठेवले. कोणाला दोनदा सांगावं लागलं नाही. ड्रोनसुद्धा पालखीच्या डोक्यावरून एकदाही नेला नाही. गाऱ्हाण्याचा आवाज घेतला तोही आधी विचारून. त्यामुळे "व्हय महाराजा" आपल्या सगळ्यांच्या तोंडून एकदम उठतं ते ऐकू येतं, पण गाभाऱ्यातलं जे गाभाऱ्यात राहायला हवं ते तिथेच राहिलं. जुन्या मानकऱ्यांच्या मनात कॅमेऱ्याबद्दल जी धाकधूक होती ती या एका गोष्टीने गेली. हे त्यांनी स्वतः मला सांगितलं.

खालच्या घरची आजी गेली सहा वर्षं उंबऱ्याबाहेर आलेली नाही. पालखी तिच्या खळ्यात गेली तेव्हा तन्वीने तिचा चेहरा घेतला नाही. ओटीचं ताट धरलेले तिचे हात घेतले. हिरवी बांगडी, थरथरणारं ताट, नारळाच्या शेंडीला लागलेलं कुंकू. पडद्यावर ते हात आले आणि बायकांच्या बाजूने "अगं, ही तर आजी!" असा आवाज उठला. उद्या सकाळी तन्वी लॅपटॉप घेऊन आजीच्या खाटेपाशी बसणार आहे. आजी तिची वाट बघते आहे.

आता ढोलवाल्या काकांबद्दल.

काका पाडव्यानंतर चार दिवसांनी गेले. यंदाचा भद्रेचा शिमगा हा त्यांचा शेवटचा, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. चाळीस वर्षं त्या हाताने या वाडीला नाचवलं, आणि आपल्याकडे त्यांचा एक धड फोटो नव्हता.

काकांचं बहुतेक चित्रीकरण फोनवरचं निघालं, तेही तीन वेगवेगळ्या फोनवरचं. ओंकारने मला बसवून दाखवलं. कॅमेरा सेकंदाला पंचवीस चित्रं घेतो म्हणजे पंचवीसच घेतो. फोन मात्र उजेड कमी झाला की आपली चाल बदलतो, कधी तीस, कधी त्याहून कमी. म्हणून वेगळा घेतलेला आवाज जोडला की सुरुवातीला जुळतो आणि पाच-सहा मिनिटांनी मागे पडतो. काकांची टिपरी ढोलावर पडलेली दिसायची आणि आवाज मागाहून यायचा. मी म्हटलं, एवढं कोण बघतंय? ओंकार म्हणाला, "तात्या, काकांचा हात आणि काकांचा आवाज वेगळा दिसता कामा नये."

मग त्याने आणि सिद्धेशने सगळे फोनचे तुकडे एका चालीत बदलून घेतले आणि पुन्हा टोल्याला टोला जुळवला. त्या चार मिनिटांना त्यांना अकरा रात्री लागल्या. मधे वीज जायची, इन्व्हर्टर बसायचा, झालेलं काम पुन्हा करावं लागायचं. दिवसा एक जण आंब्याच्या पेट्या भरायला बागेत, दुसरा बोटीवर. रात्री दहानंतर लॅपटॉप उघडायचा.

मघाशी ती चार मिनिटं चालू असताना काकी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांचा हात मांडीवर काकांच्या ठेक्याने पडत होता. एकदाही चुकला नाही. ओंकार, सिद्धेश, तुम्ही पडद्यामागे होतात, तुम्हाला ते दिसलं नसेल. म्हणून मी सगळ्यांसमोर सांगतो आहे.

मुलांनो, एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली आहे. पालखी नाचवायला वर्षभर वाट बघणारी तुम्ही मुलं. यंदा सगळ्या वाडीच्या खांद्याला पालखी लागली, तुमच्या नाही. तुमच्या हातात कॅमेरा होता. पूर्ण चित्रीकरणात, नऊ तास चाळीस मिनिटांत, तुम्ही पाच जण कुठेही नाही. मी शोधलं. होमाच्या उजेडात जमिनीवर वेदांतची सावली तेवढी एकदा दिसते.

याविषयी मी मानकऱ्यांशी बोललो, गुरवकाकांनी देवाला विचारलं. ठरलं ते असं: पुढच्या शिमग्याला पालखी सहाणेवरून उठेल तेव्हा पहिला खांदा या पाच जणांचा. प्रणाली आणि तन्वीसुद्धा. त्या वेळी कॅमेरा धरायला माझ्यासकट समितीतले चौघे उन्हाळ्यात शिकून घेणार आहेत, आणि शिकवायचं ओंकारने कबूल केलं आहे.

काकी, तुम्ही पुढे या. मुलांना नारळ तुमच्या हातून द्यायचा आहे. वेदांत, तू आधी ये बाळा.