बीपी मोजायचंय? आधी पाच मिनिटं निवांत बसा

घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर हे त्यांना वाचून दाखवा. तुम्ही स्वतःच साठीच्या पुढचे असाल तर सावकाश वाचा, घाई काहीच नाही.

बीपी वाढलं की डोकं दुखतं, गरगरतं, असा आपला समज असतो. म्हणून "मला काही त्रास नाही, मग कशाला मोजायचं?" असं दवाखान्यात रोज ऐकायला मिळतं. खरं तर बहुतेकांना बीपी वाढलेलं असतानाही काहीच जाणवत नाही. आतून कळत नाही, म्हणूनच मोजायचं. मोजायला काही मिनिटं लागतात आणि पट्टा दंडाला थोडा आवळतो, एवढंच.

मशीनवर दोन आकडे येतात. हृदय रक्त ढकलतं तेव्हाचा दाब म्हणजे वरचा आकडा, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैलावतं तेव्हाचा म्हणजे खालचा. वयाबरोबर रक्तवाहिन्या थोड्या ताठर होतात, त्यामुळे ज्येष्ठांमध्ये पुष्कळदा वरचाच आकडा वाढलेला दिसतो आणि खालचा ठीक असतो. "खालचा बरोबर आहे ना, मग झालं" असं म्हणून सोडून देऊ नका. वरच्याकडेही लक्ष हवं. दवाखान्यात वेगवेगळ्या वेळी मोजूनही 140/90 किंवा त्याहून जास्त येत राहिलं, किंवा घरी सरासरी 135/85 च्या वर राहिली, तर डॉक्टरांशी बोलायचं. तुमच्यासाठी नेमकं किती असावं हे वय, मधुमेह, किडनी असं सगळं बघून तेच ठरवतील. शेजारच्यांच्या आकड्याशी आपला ताडून बघू नका.

एकाच आकड्यावरून मात्र काहीही ठरवायचं नाही. परवा एक आजी जिना चढून आल्या आणि खुर्चीत टेकताच हात पुढे केला. आकडा आला 164. चेहरा उतरला. त्यांना म्हटलं, आजी, पाय जमिनीला टेकवा, पाठ मागे टेका, पाच मिनिटं काही बोलू नका. मग पुन्हा मोजलं तर 138. मशीन तेच, हातही तोच. दम लागलेला असला, बोलत असलात, पायावर पाय टाकून बसलात किंवा लघवी तुंबलेली असली, तरी आकडा वर जातो. डॉक्टरांसमोर मनातल्या मनात धाकधूक होऊनही कित्येकांचं बीपी वाढतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

म्हणून घरी मोजताना आधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पट्टा बाहीवरून नको, उघड्या दंडावर बांधा आणि हात टेबलावर, छातीच्या पातळीत ठेवा. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. लहान पडला तर आकडा उगाच जास्त दाखवतो. मशीन मनगटाचं घेण्यापेक्षा दंडाचं घ्या. एक-एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे तारीख-वेळेसकट वहीत लिहा.

किती वेळा मोजायचं? सगळं ठीक असेल तर वर्षातून एकदा तरी, आणि तपासणीला गेलात की आठवणीने. गोळी चालू असेल किंवा नुकतीच बदलली असेल, तर डॉक्टरांकडे जाण्याआधीचा आठवडाभर सकाळ-संध्याकाळ. सकाळी मोजायचं ते गोळी घेण्याआधी. दिवसातून दहा-दहा वेळा मोजत बसू नका, त्याने फक्त काळजी वाढते, आणि काळजीने बीपी.

एक गोष्ट हमखास राहून जाते. उठून उभं राहिल्यावर अंधारी येत असेल, तोल जात असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. उतारवयात उभं राहताना बीपी एकदम उतरू शकतं. डॉक्टर बसून आणि उभं राहून असं दोन्ही मोजतील, गरज पडली तर गोळ्यांमध्ये बदल करतील. तोवर अंथरुणातून उठताना आधी कडेला बसा, मग सावकाश उभे राहा. आकडा चांगला आला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. बहुतेक वेळा तो गोळीमुळेच चांगला आलेला असतो. अंगदुखीच्या काही गोळ्यांनी बीपी वाढतं, म्हणून त्या घेत असाल तर तेही सांगा.

छातीत दुखणं, धाप लागणं, बोलताना जीभ अडखळणं, चेहऱ्याची किंवा अंगाची एक बाजू लुळी पडणं, यांतलं काही झालं तर मशीन शोधत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. त्रास काहीच नाही पण आकडा 180 च्या पुढे आला, तर शांत बसा, पाच मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि तरी तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

पुढच्या तपासणीला जाताना वही, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि घरचं मशीनही सोबत न्या. दवाखान्यातल्या मशीनशी ते जुळतंय का, हे तिथेच पडताळून मिळेल.