मुलांचाच बागुलबुवा: इमो, वृत्तपत्रे आणि मॉरल पॅनिक

बागुलबुवा आपण मुलांना दाखवतो. पण 2008 च्या मे महिन्यात ब्रिटनमधल्या वृत्तपत्रांनी मुलांचाच बागुलबुवा करून तो पालकांना दाखवला. एका तेरा वर्षांच्या मुलीने आत्महत्या केली होती. तिला इमो, म्हणजे तीव्र भावना मांडणारे एक प्रकारचे रॉक संगीत आणि त्याभोवती जमलेली तरुणांची वेशभूषा-शैली, आवडत असे, आणि चौकशीत हा उल्लेख आल्याबरोबर बातमीचा रोख बदलला. ‘डेली मेल’ने तर इमो हा कुटील पंथ असून त्याच्यापासून कोणतेच मूल सुरक्षित नाही, अशा आशयाचा मथळा दिला.

समाजशास्त्रज्ञ स्टॅनली कोहेन यांनी 1972 मध्ये मांडलेली मॉरल पॅनिकची, म्हणजे एखाद्या गटाला समाजाचा धोका मानून उसळणाऱ्या अतिरंजित भीतीची, संकल्पना इथे चपखल बसते. 1964 च्या ईस्टरला क्लॅक्टन या किनाऱ्यावरच्या गावात मॉड्स आणि रॉकर्स या तरुणांच्या गटांनी धुडगूस घातला. अंदाजे नुकसान भरले 513 पौंडांचे, मथळे मात्र दहशतीचे. एक होडी उलटली तरी बातमीत ‘होड्या उलटवल्या’ असे अनेकवचन कसे येते, हे कोहेन दाखवतात. मला त्यांच्या मांडणीतला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण अतिशयोक्ती आकड्यांत शिरण्याआधी व्याकरणात शिरलेली असते. इमोच्या बातम्यांतही एका मुलीचे दुःख बघता बघता ‘आपल्या मुलांवरचे संकट’ झाले.

कोहेन यांनी सांगितलेली दुसरी प्रक्रिया प्रतीकीकरणाची. आधी ‘मॉड’ या शब्दाला गुंडगिरीचा अर्थ चिकटतो, मग स्कूटर किंवा कपडे दिसले तरी तोच अर्थ डोक्यात येतो. इमोच्या बाबतीत एका डोळ्यावर ओढलेली झुलपे, काजळ आणि काळा टी-शर्ट पुरेसा ठरला. असा वेश केलेला कोणताही पोरगा ‘फोक डेव्हिल’, म्हणजे समाजाने ठरवलेला खलपुरुष, झाला. एका मृत्यूमागे काय काय असू शकते, हा अवघड प्रश्न त्यामुळे सोपा करून टाकला गेला. हा मला त्या मुलीवर झालेला अन्यायच वाटतो.

गूड आणि बेन-येहुदा या समाजशास्त्रज्ञांनी 1994 मध्ये मॉरल पॅनिकचे पाच निकष दिले: चिंता, शत्रुत्व, एकमत, प्रमाणाबाहेरची प्रतिक्रिया आणि अस्थिरता. यातले एकमत इथे टिकले नाही, आणि सिद्धान्ताची खरी कसोटी इथेच लागते. 31 मे 2008 रोजी इमो चाहत्यांनी लंडनमध्ये ‘डेली मेल’विरोधात निदर्शने केली. ज्या बँडवर बोट ठेवले गेले, त्या ‘माय केमिकल रोमान्स’नेही आपण आत्महत्येच्या विरोधात असल्याचे जाहीर केले. मॅकरॉबी आणि थॉर्नटन या अभ्यासकांनी 1995 मध्येच म्हटले होते, की माध्यमे वाढली तशी ही ‘खलपुरुष’ ठरवलेली मंडळी उलट उत्तर देऊ लागली आहेत. 1964 च्या मॉड्सबद्दल जे लिहिले गेले ते इतरांनी लिहिले. इमो मुले मात्र ज्या काळ्या कपड्यांवरून बदनाम झाली, तेच घालून रस्त्यावर उतरली.