लग्नाचं कळवायचं आहे, आणि एक अवघड गोष्टही

मंडळी,

चार दिवस हा मेसेज लिहितेय आणि पुसतेय. आज पाठवूनच टाकते, कारण ही गोष्ट तुमच्या कानावर दुसरीकडून गेली तर ते मला जास्त लागेल.

निखिल आणि मी पुढच्या महिन्यात 14 तारखेला लग्न करतोय. लग्न अगदी लहान आहे, दोन्हीकडची मिळून 30 माणसं. त्यामुळे तुम्हा सगळ्यांना बोलावता येणार नाहीये. हे वाक्य लिहायलाच चार दिवस लागले.

आईच्या ऑपरेशनचं तुम्हाला माहीत आहे. तिची तब्येत आता सुधारतेय, पण अजून काही महिने तिने गर्दीत जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. लग्न पुढे ढकलू या असं आम्ही म्हणालो, पण तिनेच ते ऐकलं नाही. तरी सगळा भार तिच्या आजारपणावर टाकून मोकळं होणं मला पटत नाही. ती ठणठणीत असती तरी आम्ही हे लग्न लहानच केलं असतं. कर्ज काढून समारंभ करायचा नाही, हे आमचं दोघांचं आधीपासून ठरलं होतं. आणि ज्यांना बोलावू त्यांच्याशी निवांत बसून बोलता यावं, असंही मनात होतं. म्हणून एक विनंती आहे: आईला भेटलात किंवा फोन केलात तर हा विषय काढू नका. आपल्यामुळे मुलीच्या मित्रमैत्रिणी दुरावतील, ही काळजी तिला आधीच लागलीय.

आता यादीबद्दल. घरचीच 24 माणसं झाली. उरलेल्या 6 जागा आम्ही तीन-तीन वाटून घेतल्या. माझ्या तिघांपैकी एक शाळेतली मैत्रीण आहे आणि आपल्या ग्रुपमधले अनघा आणि शिरीष साक्षीदार म्हणून सह्या करणार आहेत. त्यांची नावं मुद्दाम सांगतेय, नाहीतर नंतर फोटोत त्यांना पाहून तुम्हाला वाटेल की मी लपवलं. अनघाने आमची ओळख करून दिली. आई दवाखान्यात होती तेव्हा शिरीष सलग पाच रात्री माझ्याबरोबर बाहेरच्या बाकावर बसून होता. या दोन गोष्टींना धरून मी ठरवलं. कोण जास्त जवळचं आणि कोण कमी, असं मोजायला बसले असते तर ही यादी कधीच पूर्ण झाली नसती. त्या दोघांना याबद्दल काही बोलू नका, तेही आधीच अवघडलेत. आणि हो, त्यांच्याही घरचं कुणी येणार नाहीये. नियम सगळ्यांना सारखाच ठेवलाय.

नंतर मोठी पार्टी देऊ, असं लिहिणं सोपं होतं. एकदा लिहिलंही होतं, मग खोडलं. आईची तब्येत आणि आमचा हात, दोन्ही पाहता तसं वचन देणं खरं नाही. पाळता येईल तेवढंच सांगते. लग्नानंतर आम्ही दोघं एकेकाच्या घरी येऊ, दोन-तीन जणांना मिळून भेटू. वर्ष लागलं तरी चालेल, पण सगळ्यांकडे येऊ. ज्यांच्याकडे लहान बाळं आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करते, कारण त्यांना बाहेर पडणं कठीण जातं.

भेटवस्तू, पाकीट, ग्रुपमध्ये वर्गणी, यातलं काहीही करू नका. बोलावलं नाही आणि भेट मात्र घेतली, असं व्हायला नको. अगदीच काही द्यावंसं वाटलं तर एका कागदावर दोन ओळी हाताने लिहून पाठवा. त्या मी जपून ठेवेन. लग्नाचे फोटो बाहेर कुठेही टाकायच्या आधी इथे टाकेन, त्याच दिवशी संध्याकाळी.

तुम्हाला वाईट वाटणार हे मला ठाऊक आहे. मला वाटतंच आहे. कुणाला राग आला असेल तर तो गिळून ‘अगं, ठीक आहे’ असं इथे लिहू नका. मला एकटीला सांगा, मी ऐकून घेईन. आपण 11 जण इतकी वर्षं एकमेकांच्या बऱ्यावाईटात धावलोय, आणि माझ्या या दिवशी तुमच्यापैकी आठ जण तिथे नसणार. त्याची रुखरुख मला राहणारच आहे.

शनिवारी सकाळपासून मी प्रत्येकाला फोन करणार आहे. मेसेजने कळवून मोकळी झाले असं मला होऊ द्यायचं नाहीये. कुणाला शनिवारी जमणार नसेल तर वेळ कळवा, मी त्या वेळी करेन.

तुमची,
मानसी