वर्गातला बाजार : खेळातल्या पैशांतून विनिमय दर, खरेदी-विक्री आणि दुकानाचे मार्जिन

इयत्ता सहावी-सातवीच्या 32 विद्यार्थ्यांसाठी, 40 मिनिटांच्या तीन तासिकांचा उपक्रम

या उपक्रमात मुलांना आधी तोटा होऊ द्यायचा आहे आणि त्याचे कारण त्यांनी स्वतःच्या हिशेबातून शोधायचे आहे. म्हणून पहिली फेरी संपेपर्यंत शिक्षकांनी ‘मार्जिन’, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या भावांतला फरक, हा शब्द उच्चारू नये. ‘सहाला आणलेली वस्तू दहाला विकणे म्हणजे फसवणूक’ असे बहुतेक मुलांना मनापासून वाटत असते. ते मत नुसत्या व्याख्येने बदलत नाही, स्वतःच्या गल्ल्यातले पैसे कमी झाले की बदलते.

पूर्वतयारी

दोन रंगांच्या कार्डपेपरच्या नोटा कापाव्यात. पिवळ्या नोटा 1, 5, 10 आणि 50 च्या असाव्यात व त्यांची एकूण रक्कम 2,500 भरावी. निळ्या नोटा 1 आणि 5 च्या मिळून 160 च्या पुरतात. एकच्या पिवळ्या नोटा भरपूर ठेवाव्यात, कारण सुटे पैसे संपले की खेळ तिथेच अडतो. पेन्सिली म्हणून कागदाच्या पट्ट्या चालतात. शिवाय एक दरफलक आणि प्रत्येक दुकानासाठी जमा-खर्चाची एक वही लागेल.

वर्गाचे दोन देश करावेत. पिवळ्या देशात 11 ग्राहक असतील व प्रत्येकाकडे 60 पिवळे असतील. निळ्या देशातही 11 ग्राहक असतील व प्रत्येकाकडे 10 निळे असतील. दोन्ही दुकाने पिवळ्या देशात असून प्रत्येक दुकान तिघे जण चालवतील. आणखी तिघे चलन बदलून देणाऱ्या खिडकीवर बसतील आणि त्यांच्याकडे सुरुवातीला 1,200 पिवळे व 50 निळे असतील. उरलेला एक विद्यार्थी घाऊक विक्रेता होईल. दुकानांचे भाडे आणि पगार शिक्षकांनी वसूल करावेत.

पहिली तासिका : खिडकी आणि पहिली विक्री

दरफलकावर लिहावे : मूळ दर 1 निळा = 10 पिवळे. त्याखाली दोन ओळी लिहाव्यात : ‘खिडकी 1 निळा घेताना 9 पिवळे देईल’ आणि ‘खिडकी 1 निळा देताना 11 पिवळे घेईल’. दोन दर का, हे आत्ता सांगू नये. निळ्या देशातल्या ग्राहकांनी खिडकीवर जाऊन आपापल्या 10 निळ्यांचे 90 पिवळे करून घ्यावेत.

त्यांपैकी एका विद्यार्थ्याने काहीही खरेदी न करता ते 90 पिवळे लगेच खिडकीला परत करून निळे मागावेत. हा व्यवहार सर्वांसमोर, नोटा मोठ्याने मोजत व्हावा. 88 पिवळ्यांना 8 निळे मिळतात आणि हातात 2 पिवळे उरतात. दहा निळे घेऊन गेलेला विद्यार्थी आठ घेऊन परततो, आणि वर्ग हमखास विचारतो की दोन निळे गेले कुठे. उत्तर फळ्यावर मांडावे : मूळ दराने 10 निळे म्हणजे 100 पिवळे, आता त्याच्याकडे 8 निळे व 2 पिवळे, म्हणजे 82 पिवळे आहेत, उरलेले 18 खिडकीकडे राहिले. खिडकीला दोन्ही रंगांच्या नोटांचा साठा सतत बाळगावा लागतो, माणसे बसवावी लागतात आणि मधल्या काळात दर पडला तर नुकसान तिचेच होते. या साऱ्याचा मोबदला घेण्याच्या व देण्याच्या दरांमधल्या फरकातून निघतो. खऱ्या दरफलकांवरही खरेदीचा आणि विक्रीचा असे दोन वेगळे दर असतात. चर्चेनंतर त्या विद्यार्थ्याला त्याचे 90 पिवळे परत देऊन खेळात घ्यावे.

आता दुकाने उघडावीत. प्रत्येक दुकानाला 200 पिवळे भांडवल द्यावे. घाऊक विक्रेत्याकडून दोघांनीही 6 पिवळ्यांना एक या भावाने 20 पेन्सिली घ्याव्यात आणि या फेरीत त्याच भावाने विकाव्यात. प्रत्येक ग्राहकाला दोनपर्यंत पेन्सिली घेता येतील. विक्री सुरू होण्यापूर्वी शिक्षकांनी प्रत्येक दुकानातल्या दोन पेन्सिली तुटल्या म्हणून काढून घ्याव्यात आणि फेरीच्या शेवटी 30 पिवळे भाडे व 20 पिवळे पगार वसूल करावा.

उरलेल्या सर्व 18 पेन्सिली विकल्या जातील, दुकानासमोर रांग लागेल आणि दुकानदार खुशीत असतील. गल्ला मोजल्यावर मात्र 200 चे 138 झालेले दिसतील. ही मोजणी घाईने उरकू नये. वहीत एका बाजूला खरेदीचे 120, भाड्याचे 30 आणि पगाराचे 20 असे 170 लिहावेत, दुसऱ्या बाजूला विक्रीचे 108. मग मुलांनाच विचारावे की 62 पिवळ्यांची ही तूट कुठून भरून काढायची.

दुसरी तासिका : भाव कोण ठरवतो?

सर्व भांडवल पूर्ववत करावे, खर्च आणि तूटफूट तशीच ठेवावी, पण विक्रीचा भाव दुकानांना ठरवू द्यावा. 170 ला 18 ने भागल्यावर साधारण साडेनऊ येतात, हे चांगला हिशेब करणाऱ्यांच्या लगेच ध्यानात येईल. ग्राहकांना गुप्त चिठ्ठ्या द्याव्यात : चौघांना 8, बारा जणांना 10 आणि सहा जणांना 12. एका पेन्सिलीला त्याहून अधिक द्यायचे नाही, हा नियम त्यांनी पाळायचा आहे.

दोन्ही दुकानांनी 10 भाव लावला आणि ग्राहक सारखे वाटले गेले, तर प्रत्येकाची विक्री 180 होऊन 10 पिवळे नफा राहतो. एकाने लोभाने 12 लावला, तर त्याच्याकडे फार तर सहा ग्राहक येतील, 144 जमा होतील आणि त्याला 26 चा तोटा होईल. 9 भाव लावणाऱ्याचा माल सर्वांत आधी संपेल, पण हाती 162 च येऊन 8 चा तोटा राहील. म्हणजे भाव खालून खर्चाने आणि वरून ग्राहकाच्या ऐपतीने व शेजारच्या दुकानाने बांधलेला असतो.

‘मार्जिन’ हा शब्द आता सांगावा. 10 च्या भावाला प्रत्येक पेन्सिलीमागे ते 4 पिवळे आहे, विक्री किमतीच्या 40 टक्के. इतके मोठे दिसणारे मार्जिन भाडे, पगार आणि तुटलेला माल यांत जवळजवळ सगळे खर्च होते आणि 180 च्या विक्रीवर खरा नफा 10 च उरतो, हे मुलांनी आपल्या वहीतून वाचून दाखवावे. मार्जिन आणि नफा यांची गल्लत इथेच मिटवायला हवी. माझ्या मते साऱ्या उपक्रमाचा गाभा हाच आहे.

तिसरी तासिका : दर बदलतो

दुकाने आता निळ्या देशातून 3 निळ्यांना एक वही आणतात. खिडकीच्या 11 च्या दराने ती 33 पिवळ्यांना पडते आणि 40 ला विकली जाते. मग शिक्षकांनी मूळ दर 12 झाल्याचे जाहीर करावे. खिडकी आता 11 पिवळे देऊन निळा घेईल आणि 13 पिवळे घेऊन देईल. तीच वही आता 39 ला पडेल व मार्जिन 7 वरून 1 वर येईल, तेही निळ्या देशातल्या विक्रेत्याने भाव न वाढवता. भाव वाढवावा, कमी वह्या आणाव्यात की दर उतरण्याची वाट पाहावी, याचा निर्णय दुकानाने जमा-खर्चाच्या वहीत कारणासह लिहावा.

निळ्या देशातल्या ग्राहकाचा अनुभव नेमका उलट असेल. आधी त्याला एका निळ्याचे 9 पिवळे मिळत आणि 10 ची पेन्सिल घेताना 1 कमी पडे. आता 11 मिळतात, पेन्सिल येऊन 1 उरतो. दर का हलतो असे मुले विचारतील. एखाद्या चलनाची मागणी वाढली की ते महागते, एवढे उत्तर या वयाला पुरेसे आहे. चौकस मुलांना सांगावे की 1944 च्या ब्रेटन वूड्स परिषदेनंतर अनेक देशांनी आपल्या चलनांचे दर डॉलरशी आणि डॉलरचा दर सोन्याशी बांधला होता. 1971 मध्ये अमेरिकेने डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले आणि 1973 पासून प्रमुख चलनांचे दर बाजारात ठरू लागले.

मूल्यमापनासाठी प्रत्येकाने पुढील प्रश्न सोडवावा : मूळ दर पुन्हा 10 असताना भाडे 30 वरून 48 झाले आणि 18 पेन्सिलीच विकायच्या आहेत, तर तोटा टाळण्यासाठी पूर्ण पिवळ्यांत किमान भाव किती लागेल, आणि गुप्त चिठ्ठ्या त्याच राहिल्या तर त्या भावाने किती ग्राहक येतील? उत्तर 11 पिवळे आणि सहा ग्राहक असे येते. अशा वेळी दुकानाने काय करावे यावर प्रत्येक गटाने पाच ओळी लिहून शिक्षकांकडे द्याव्यात.