गावकीच्या सभेची सुरुवात

ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालून झालं, आता सभा सुरू करतो. पहिला नमस्कार समोरच्या थोरामोठ्यांना. गिरणीच्या पाळ्या सांभाळून तुम्ही लालबागच्या एका खोलीत ही गावकी उभी केलीत. माता-भगिनींनो, तुम्हालाही नमस्कार. पण मागे का बसलात? पुढे या. गावी गेलं की हंडा तुमच्याच डोक्यावर येतो, तेव्हा नळपाण्याच्या विषयावर आधी तुम्ही बोलायचं. तरुण मित्रांनो, विरार-कल्याणहून रविवार मोडून आलात, बरं वाटलं. मोबाइल तेवढे खिशात ठेवा.

एक ध्यानात असू द्या. ठराव होणार तो १५ ऑगस्टला, गावच्या ग्रामसभेत. इथं आपण फक्त मुंबईकरांचं म्हणणं ठरवायचंय.

चिटणीस, मागचं इतिवृत्त वाचा.