नवरा आहे ना, बाहेर उभा आहे

अहमदाबादच्या ढालगरवाडमधलं कापडाचं दुकान, दुपारची तुफान गर्दी, आणि डोंबिवलीच्या स्मिताताई बांधणी ओढणीसाठी पंधरा मिनिटं ताटकळलेल्या. शेवटी हाक मारली तर काका गाठोडं सोडता सोडताच म्हणाले, "बेन, हमणां नवरो नथी."

ताई चपापल्या. नवरा नाही? ह्यांना काय करायच्यात चौकश्या? मंगळसूत्र पुढे ओढून ठसक्यात म्हणाल्या, "नवरा छे! बहार ऊभा छे!" (एवढं गुजराती मालिका बघून येतंच.)

काकांचा चेहरा उजळला. "नवरा छे? तो बोलावो ने!"

झालं, सुधीररावांना बाहेरून आत आणलं आणि काकांनी थेट त्यांच्या हातात ओढण्यांचा गठ्ठाच ठेवला, वर "आ पण पकडो". ते बिचारे ताईंकडे बघतायत, ताई काकांकडे.

शेजारची नाशिकची बाई हसत सुटली. "अहो, इकडे नवरो म्हणजे रिकामा! काका म्हणत होते, आत्ता वेळ नाही. आणि तुम्ही सांगितलंत, बाहेर रिकामा माणूस उभाय!"

काकांनी जीभ चावली आणि चहा मागवला. भाव मात्र एक रुपया कमी केला नाही.